पहिल्यांदाच एकटीने गोव्याला? मुक्काम पणजीत ठेवा

एकटीने फिरायला निघायचं ठरलं आणि गोव्याचं नाव निघालं की खोली शोधली जाते ती समुद्राकाठी. कलंगुट, बागा, हणजूण ही नावं ओळखीची असतात, फोटो छान असतात, म्हणून तिथलंच बुकिंग होतं. मी पणजीत राहते. माहेरच्या, सासरच्या आणि ओळखीपाळखीतल्या ज्या ज्या बाईने मला विचारलं, तिला मी एकच सांगत आले आहे: पहिल्या खेपेला मुक्काम पणजीत करा आणि समुद्र दिवसाउजेडी जाऊन बघून या. असं का, आणि मग पुढे काय काय करायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

जागा पारखायचे तीन प्रश्न

एकटीच्या पहिल्या प्रवासात काय बघायचं हा प्रश्न मागून येतो. आधी तीन प्रश्न विचारायचे. रात्री साडेआठला जेवून झाल्यावर मी खोलीवर पायी परत येऊ शकते का? संध्याकाळी सात वाजता त्या रस्त्यावर इतर बायका आपापल्या कामाने फिरताना दिसतात का? आणि तिसरा प्रश्न म्हणजे, ठरलेल्या वेळी सुरू होऊन दोन-तीन तासांत संपणारं, कुणीतरी चालवणारं काही तिथे आहे का, की ज्यात मला अनोळखी माणसांत आपणहून घुसावं लागणार नाही?

बागा आणि कलंगुटला पहिल्याच प्रश्नाला अडखळायला होतं. संध्याकाळनंतरचं तिथलं जग बार आणि शॅकचं आहे, येणारे बहुतेक घोळक्याने येतात, शनिवार-रविवारी तर पुरुषांचेच घोळके जास्त. रस्त्याला धड पदपथ नाही आणि रात्री प्रत्येक वेळी टॅक्सी करावी लागते. तिथे वाईटच घडतं असं नाही, पण सतत सावध राहावं लागलं तर ती सुट्टी राहत नाही. मांद्रे-हरमलकडे योग आणि संगीताचे वर्ग भरपूर आहेत. मात्र तिथे आठवडे, महिने राहणारे लोक असतात, त्यांचे गट आधीच जमलेले असतात. तीन-चार दिवसांसाठी आलेली बाई त्यांच्या कडेलाच राहते. काणकोणातलं पाळोळे मला स्वतःला फार आवडतं. समुद्र त्यातल्या त्यात शांत आहे, कयाक मिळतात, जवळ रेल्वे स्टेशन आहे. पण अंधार पडल्यावर झोपड्यांमधल्या वाटांवर फारसा उजेड नसतो आणि पणजीपासून ते सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. ते दुसऱ्या प्रवासासाठी ठेवा.

पणजी ही नोकरदारांची राजधानी आहे. संध्याकाळी कार्यालयं सुटतात, बायका बाजार करतात, मुलींचे घोळके क्लासहून परततात, मिरामारला आज्या फिरायला येतात. तुम्ही त्यांच्यातल्याच एक दिसता. मराठी सगळीकडे समजते, बरेच जण मराठीतच उत्तर देतात, मराठी वर्तमानपत्रं इथूनच निघतात. भाषेचा हा आधार पहिल्या वेळी किती मोठा असतो ते बसमध्ये कंडक्टरला थांबा विचारताना कळतं.

कधी यायचं

हवा चांगली नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातले ख्रिसमसपासून नवीन वर्षापर्यंतचे दिवस टाळा, भाडी कितीतरी चढलेली असतात आणि गर्दी वेगळीच असते. पावसाळ्यात गोवा सुंदर दिसतो, पण समुद्रात उतरता येत नाही आणि बाहेरचे कार्यक्रम ऐनवेळी रद्द होतात.

आठवड्याचे कोणते दिवस, याकडे फार कमी जणी लक्ष देतात. स्वस्त पडतं आणि गर्दी नसते म्हणून सोमवार ते गुरुवार येण्याचा मोह होतो. पण वारसाफेरी, स्वयंपाकाचा वर्ग, कयाकची फेरी यांना चालवणाऱ्यांच्या दृष्टीने किमान माणसं लागतात. मधल्या वारी ती जमत नाहीत आणि कार्यक्रम रद्द होतो, किंवा तुम्ही आणि वाटाड्या असे दोघेच उरता. लोकांत मिसळायचं असेल तर गुरुवारी या आणि सोमवारी परत जा. शुक्रवार, शनिवार, रविवार हे तिन्ही दिवस हाताशी राहतात.

दोन सोहळे मुद्दाम लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत पणजीत भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी असतो. 2004 पासून तो इथे भरतो. आधी नाव नोंदवून प्रतिनिधी म्हणून आलात तर दिवसभर रांगेत, चहाच्या टपरीवर, थिएटरच्या पायऱ्यांवर बोलायला आपोआप माणसं मिळतात, कारण विषय समोरच असतो. डिसेंबरच्या मध्याला सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, त्यात कार्यशाळाही असतात. या दोन्ही काळांत खोल्या लवकर भरतात, तेव्हा दोनेक महिने आधी बुकिंग करा.

खोली

पणजीत तीन भाग विचारात घ्या. फोंतेन्हास आणि त्याला लागून असलेला मळा हा जुन्या पोर्तुगीज घरांचा भाग. गल्ल्या अरुंद, छोटी अतिथिगृहं आणि होस्टेलं बरीच. कदंबा बसस्थानक मधली खाडी ओलांडली की पायी दहा-पंधरा मिनिटांवर. दुसरा भाग 18 जून रस्त्याच्या आसपासचा. तिथे दुकानं आणि खाणावळी आहेत, रात्री नऊपर्यंत जाग असते, दिसायला मात्र साधासुधा. तिसरा मिरामार-कांपाल. मोकळा आणि शांत आहे, पण शहरात यायला बस लागते. पहिल्यांदा येणाऱ्या बाईला मी पहिल्या दोहोंपैकी एक सुचवते. मांडवीच्या काठाने जो दयानंद बांदोडकर रस्ता जातो, त्यावर कॅसिनोंच्या धक्क्यांजवळची खोली घेऊ नका. नकाशावर ती अगदी मध्यावर दिसते, स्वस्तही मिळते, पण रात्रभर गाड्या आणि गलका.

ऑनलाइन खोली पसंत पडली तरी पैसे भरण्याआधी एकदा फोन करा. विचारायचं ते साधं आहे: रात्री दहानंतर स्वागतकक्षात कुणी असतं का, दाराला आतून कडी आहे का, खोली कितव्या मजल्यावर आहे, सकाळचा नाश्ता एका मोठ्या टेबलावर असतो की खोलीत. शेवटचा प्रश्न सुरक्षिततेचा वाटत नाही, पण ओळखी त्या टेबलावरच होतात. आणि उत्तरापेक्षा सूर ऐका. "तुम्ही एकट्याच?" असं विचारून पुढे चौकश्या सुरू झाल्या तर दुसरी जागा बघा. ज्यांच्याकडे एकट्या बायका नेहमी येतात ते लोक सरळ सांगतात, कुठली खोली द्यायची आणि का.

अभिप्राय वाचताना पाच तारेवाले सोडा, तीन तारेवाले वाचा. त्यातून एकट्या राहिलेल्या बायकांनी लिहिलेले शोधा. त्या गल्लीत रात्री उजेड असतो का, पाणी येतं का, शेजारच्या बारचा आवाज येतो का, हे त्याच लिहितात. होस्टेलमध्ये राहणार असाल तर फक्त बायकांची डॉर्मिटरी घ्या आणि तिचं स्नानगृह आत आहे की बाहेर हे विचारा. वय पन्नास असलं तरी संकोच करू नका, पण झोप सावध असेल तर स्वतंत्र खोली घेऊन त्याच होस्टेलच्या बैठकीत बसणं हा जास्त चांगला मार्ग आहे. ओळखपत्र मागतात ते नियमाप्रमाणेच. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली, मास्क्ड आधार म्हणतात ती द्या. मूळ ओळखपत्र कुणाच्याही ड्रॉवरमध्ये ठेवू देऊ नका.

पोचणं आणि परतणं

गाडी निवडताना ती किती वेगाने जाते यापेक्षा किती वाजता पोचते ते बघा. मुंबईहून कोकणकन्या रात्री निघते आणि सकाळी उजेडात पोचते. पणजीसाठी करमळी स्टेशनवर उतरा, ते जुन्या गोव्याजवळ आहे. मडगावला उतरलात तर तिथून पणजीपर्यंत तीसेक किलोमीटर. जनशताब्दी येताना दुपारी पोचते म्हणून सोयीची, पण परतीला ती मुंबईत रात्री फार उशिरा येते, तेव्हा मुंबईत घर नसेल तर परतीला दुसरी गाडी घ्या. स्लीपरच्या डब्यात महिला कोटा असतो, तिकीट काढताना तो निवडून बघा. तारखा गणपतीच्या किंवा ख्रिसमसच्या जवळच्या असतील तर बुकिंग उघडल्याबरोबर काढा.

खासगी स्लीपर बस घेत असाल तर एक गोष्ट आधी लेखी विचारून ठेवा: नेमकं कुठे उतरवणार? काही बस पहाटे अंधारात म्हापसा किंवा पर्वरीला महामार्गाच्या कडेला सोडतात. कोल्हापूर, बेळगावकडून येणाऱ्यांनी दिवसाची एसटी किंवा गोव्याची सरकारी कदंबा बस घ्यावी, ती थेट पणजीच्या स्थानकात येते. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर विमानतळ कोणता ते वाचावं. दाबोळी आणि मोपा दोन्ही चालू आहेत आणि एकमेकांपासून खूप लांब आहेत. मोपा पेडणे तालुक्यात, अगदी उत्तरेला.

गावात फिरायला चार साधनं आहेत. मोठ्या शहरांत चालणाऱ्या ॲप-टॅक्सी इथे नाहीत, गोवामाइल्स हे ॲप आहे, ते घरूनच फोनमध्ये घालून घ्या. बस स्वस्त आणि दिवसा भरपूर. पणजी-मडगाव आणि पणजी-म्हापसा या शटल बसांचं तिकीट आधी खिडकीवर काढायचं, मग रांगेने चढायचं. रात्री आठनंतर मात्र बस विरळ होतात. तिसरे म्हणजे पायलट, पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरचे परवानाधारक चालक. नाक्यावर त्यांचा थांबा असतो, भाडं आधी ठरवायचं, छोट्या अंतराला बायकाही निःशंकपणे वापरतात. चौथी भाड्याची स्कूटर. ती घ्यायचीच असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं तर त्रास तुम्हाला. पण रोज गाडी चालवत नसाल तर पहिल्या प्रवासात स्कूटर नकोच, पणजीत तिची गरज पडत नाही.

माणसांत मिसळायचं ते कसं

एकटीला सगळ्यात जड जाणारे दोन काळ आहेत आणि ते दोन्ही आधीच ओळखून ठेवले तर अर्धं काम झालं. एक दुपारचा. एक ते चार पणजी झोपते, दुकानांची दारं ओढलेली असतात, रस्ते रिकामे. सकाळचा उत्साह उतरलेला असतो आणि "आपण इथे काय करतोय" हा विचार नेमका तेव्हा येतो. ती वेळ झोपेला, वाचनाला द्या. पाट्टोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, 1832 पासून चालत आलेलं. तिथे मराठी पुस्तकं आहेत आणि एकट्या बसलेल्या बाईकडे कुणी बघत नाही. दुसरा काळ रात्रीच्या जेवणाचा. नऊ वाजता जोडप्यांच्या आणि कुटुंबांच्या मधोमध एकटीचं टेबल नको वाटतं. साडेसातला जेवा, तेव्हा जागा रिकाम्या असतात, वाढणाऱ्याला बोलायला वेळ असतो. किंवा दुपारी नुस्त्याचं, म्हणजे माशांचं पूर्ण ताट जेवून रात्री पाव-भाजीवर भागवा.

मग ओळखी कशातून होतात? हातात काम असेल किंवा समोर बघायला काही असेल तेव्हा. नुसतं बारमध्ये बसून बोलणं सुरू करायला धीटपणा लागतो, तो पहिल्या दिवशी नसतो. म्हणून वारसाफेरीपासून सुरुवात करा. फोंतेन्हासमधली अशी फेरी साधारण दोन तासांची असते. वाटाड्या बोलतो, बाकीचे ऐकतात, मधल्या चालण्यात शेजारच्या बाईशी आपोआप दोन शब्द होतात. बघायला पुष्कळ आहे. 1818 चं सेंट सेबास्टियनचं चॅपेल आहे आणि त्यातला क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे असलेला आहे. तो पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. मळ्याच्या टेकडीवर मारुतीचं देऊळ आहे, संध्याकाळी तिथून सगळी लाल कौलं दिसतात. एक गोष्ट सांभाळा: ही राहती घरं आहेत. कुणाच्या पायरीवर बसून, खिडकीत डोकावून फोटो काढू नका. तिथले लोक याला अगदी कंटाळले आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे.

नाव नोंदवण्याआधी चालवणाऱ्याला व्हॉट्सॲपवर असा निरोप पाठवा: "नमस्कार. मी शनिवारच्या फेरीला एकटी येऊ इच्छिते. आतापर्यंत किती जणांची नोंद झाली आहे? किमान किती लागतात? फेरी संपते कुठे आणि किती वाजता?" किती जण हे कळलं की रद्द होण्याचा अंदाज येतो, संपते कुठे हे कळलं की परतीची वाट ठरते. उत्तर देताना टाळाटाळ झाली किंवा सगळे पैसे आधी मागितले तर दुसरं बघा.

दुसरा चांगला प्रकार म्हणजे स्वयंपाकाचा वर्ग, घरात किंवा अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात चालणारा. नारळ वाटता वाटता, शाकुतीचा मसाला भाजता भाजता बोलणं सुरू होतं, आणि शेवटी सगळे एकत्र जेवतात, म्हणजे एका जेवणाचा प्रश्नही सुटतो. शाकाहारी असाल तर आधी सांगा, तोणाक आणि खतखते शिकवतात.

तिसरा चोडणचा. पणजीहून बसने रायबंदरला जायचं, पाच-सहा किलोमीटर. तिथून फेरीबोट चोडण बेटावर नेते. पलीकडे उतरलं की लगेच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, 1988 मध्ये जाहीर झालेलं, खारफुटीचं. त्या भागात होडीने किंवा कयाकने फेरी करवून आणतात. इथे एक बारकावा आहे. खारफुटीतल्या वाहळांना भरती असेल तरच पाणी असतं, ओहोटीला नुसता चिखल. म्हणून वेळ घड्याळावर ठरत नाही, त्या दिवसाच्या भरतीवर ठरते, आणि कधी ती पहाटेची निघते. नोंदवताना "भरती किती वाजता?" असं विचारा आणि त्या वेळी रायबंदरला कसं पोचणार हे आधी बघा.

एका फेरीचा हिशेब

माझी मावसबहीण कोल्हापूरची, शाळेत शिकवते, चाळिशीतली. नवरा आणि मुलं सोडून पहिल्यांदा एकटी आली. मी त्याच आठवड्यात बाहेरगावी होते, तेव्हा घरची सोबतही नव्हती. तिची फेरी कशी झाली ते सांगते, कारण त्यात काही बिघडलंही आणि ते कसं सावरलं ते उपयोगी आहे.

गुरुवारी सकाळच्या बसने निघून ती दुपारी पणजीत उतरली, चालत फोंतेन्हासला गेली. पहिल्या दिवशी मी तिला काहीच नोंदवू दिलं नव्हतं. संध्याकाळी पाचला बसने मिरामार, किनाऱ्यावर तासभर चालणं, अंधार व्हायच्या आत परत, वाटेत दुकान, औषधांचं दुकान आणि एटीएम कुठे आहेत ते बघून ठेवणं, साडेसातला जेवण. घरी फोन. झालं. पहिल्या संध्याकाळी खोली आणि तिच्याभोवतीच्या चार गल्ल्या पायाखालच्या व्हाव्यात, एवढंच पुरे.

शुक्रवारी सकाळी अकराचा स्वयंपाकाचा वर्ग होता. गुरुवारी रात्री निरोप आला, दुसरं कुणी नाही, रद्द. ती हिरमुसली, पण पर्याय आधीच ठरलेला होता. सकाळी उंडा या गोव्याच्या पावाबरोबर पातळ भाजी खाऊन बसने जुन्या गोव्याला गेली, बाँ जेझुस बासिलिका आणि से कॅथेड्रल पाहिलं. खांदे झाकणारा कुडता होता, त्यामुळे दारात अडलं नाही. दुपारी परत येऊन झोप. प्रत्येक नोंदवलेल्या गोष्टीच्या शेजारी असा एक पर्याय वहीत लिहा, ज्याला कुणाचीच परवानगी किंवा सोबत लागत नाही.

शनिवारी दुपारी चारची वारसाफेरी. नऊ जण होते. त्यात पुण्याच्या दोघी मैत्रिणी आणि बंगळुरूहून एकटीच आलेली एक मुलगी. फेरी संपल्यावर माझ्या बहिणीने धीर करून विचारलं, "मी समोर चहा घेणार आहे, येताय?" तिघी आल्या. यातली रचना लक्षात घ्या: तिने "आपण भेटू या का" असं मोघम विचारलं नाही. ती स्वतः चहाला चाललीच होती, त्यांना फक्त यायचं होतं. नाही म्हणणाऱ्यालाही अवघड होत नाही आणि कुणी आलं नाही तरी तुमचा चहा होतोच.

रविवारी चोडणची कयाक होती आणि भरतीमुळे वेळ निघाली सकाळी साडेसहाची. म्हणजे सहाच्या आधी अंधारात निघणं. एकटीने त्या वेळी टॅक्सी ठरवायला ती तयार नव्हती. पुण्याच्या दोघींकडे गाडी होती, चहा पिताना हा विषय निघाला आणि त्याही नोंदवून आल्या. त्या गाडीत बसण्याआधी बहिणीने गाडीचा नंबर आणि त्या दोघींबरोबरचा फोटो घरी पाठवला, त्यांच्या समोरच. त्यांनीही तेच केलं. यात कुणाचा अपमान होत नाही. त्या जर नसत्या तर मी तिला ती कयाक सोडून द्यायलाच सांगितलं असतं. नऊ-दहा वाजता फेरीबोटीने चोडणला जाऊन अभयारण्याच्या पायवाटेने चालणं झालंच असतं.

समुद्र आणि नाही म्हणणं

पणजीजवळचं मिरामार हे मांडवीचं मुख आहे, तिथे चालायचं, पोहायचं नाही. पाण्यात उतरायचं असेल तर कांदोळी किंवा दक्षिणेतलं बाणावली घ्या, सकाळी जा, मधल्या वारी असेल तर उत्तम. जीवरक्षक सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सहापर्यंत असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधोमधच उतरा, नुसता लाल झेंडा असेल तर कमरेपर्यंतसुद्धा नाही. एकटीची खरी अडचण असते ती सामानाची. मोबाइल, पैसे सोडून पाण्यात कसं जायचं? एखाद्या शॅकमध्ये खाट घ्या, काहीतरी मागवा, तिथल्या माणसाला सांगून पिशवी ठेवा, शेजारच्या कुटुंबातल्या काकूंनाही "पाच मिनिटं लक्ष ठेवाल?" म्हणून विचारा. खोलीची किल्ली आणि जास्तीचे पैसे मुळात आणूच नका. शॅकमधली खाट अशी निवडा की तिथून जीवरक्षकाचं मचाण दिसेल.

किनाऱ्यावर "ताई, एक सेल्फी" म्हणणारे, गप्पा मारायला येऊन बसणारे भेटतात. "नको" एवढं एकदा, स्पष्ट, न हसता म्हणायचं आणि जागेवरून उठून बायका-मुलं असलेल्या बाजूला जायचं. कारण सांगत बसू नका, कारण दिलं की त्यावर वाद होतो. कुठे उतरलात असं कुणी विचारलं तर भाग सांगा, नाव सांगू नका. "एकट्याच आलात?" हे विचारणारी फुलवाली काकू असेल तर खुशाल हो म्हणा, तिला कौतुक असतं आणि ती दोन चांगल्या खाणावळी सांगेल. तेच जर रस्त्यावर पाठीमागून येणाऱ्याने विचारलं तर "घरचे पुढे थांबलेत" म्हणून जवळच्या दुकानात शिरा.

फोनमध्ये 112 आणि महिलांसाठीचा 1091 हे नंबर घरून निघतानाच साठवा, पर्यटकांसाठी 1363 आहे. घरच्यांशी वेळ ठरवा, रात्री नऊला एक निरोप. सारखं ठिकाण पाठवत राहिलं की घरच्यांनाही चैन पडत नाही आणि तुम्हालाही. नऊचा निरोप दहापर्यंत आला नाही तर त्यांनी आधी तुम्हाला, मग अतिथिगृहाला फोन करायचा. म्हणून अतिथिगृहाचा नंबर आणि खोलीचा क्रमांक पहिल्याच संध्याकाळी घरी कळवा.

परतीची बस सोमवारी सकाळची असेल तर तिकीट रविवारी दुपारी स्थानकातच काढून ठेवा. त्याच वेळी कोणत्या फलाटावर लागते ते विचारून घ्या.